उणे-अधिक ओळींचं सबस्क्रिप्शन बिल: रक्कम बरोबर आहे का, हे कसं ताडून पाहायचं

प्रश्न: आमची पुण्यात छोटी कंपनी आहे, हिशेब मीच बघते. एका सॉफ्टवेअरचं मासिक सबस्क्रिप्शन आहे. १० जूनला १० जणांचे ६०० रुपयांप्रमाणे ६,००० आणि जीएसटी धरून ७,०८० भरले. २० जूनला चार जण वाढवले, २८ जूनला सगळ्यांना वरचा ९०० रुपयांचा प्लॅन घेतला, ४ जुलैला दोन जण कमी केले. मे महिन्यात एक बिल जास्त लागलं होतं, त्याची १,१८० रुपयांची क्रेडिट नोट आलेली आहे. आता १२ जणांचे ९०० प्रमाणे १०,८०० आणि जीएसटी मिळून १२,७४४ व्हायला हवेत, पण बिल १५,००९.६० चं आलंय. कंपनीने जास्त पैसे लावलेत का?

```
Unused time on 10 × Standard after 20 Jun 2025     -4,000.00
Remaining time on 14 × Standard after 20 Jun 2025   5,600.00
Unused time on 14 × Standard after 28 Jun 2025     -3,360.00
Remaining time on 14 × Plus after 28 Jun 2025       5,040.00
Unused time on 14 × Plus after 4 Jul 2025          -2,520.00
Remaining time on 12 × Plus after 4 Jul 2025        2,160.00
12 × Plus (10 Jul – 10 Aug 2025)                   10,800.00
Subtotal                                           13,720.00
IGST 18%                                            2,469.60
Total                                              16,189.60
Applied balance                                    -1,180.00
Amount due                                         15,009.60
```

उत्तर: नाही, बिल पैशापैशाने बरोबर आहे. तुमचे १२,७४४ सुद्धा चुकलेले नाहीत, फक्त ते पुढच्या महिन्याचेच आहेत. या बिलात दोन महिने एकत्र आले आहेत. शेवटची १०,८०० ची ओळ १० जुलैपासूनचे आगाऊ पैसे आहेत, आणि वरच्या सहा ओळी म्हणजे सरलेल्या महिन्यात जे बदल झाले त्यांचा मागचा हिशेब. हा मागचा हिशेब बिलावर फार विचित्र तऱ्हेने मांडलेला असतो, आणि गोंधळ तिथेच होतो.

त्या ओळी जोडीने वाचायच्या असतात. तुम्ही चार जण वाढवलेत तेव्हा सॉफ्टवेअरने 'चार जणांचे वीस दिवसांचे पैसे' अशी सरळ ओळ लिहिली नाही. त्याने आधी जुनी व्यवस्था पूर्ण मोडली: दहा जणांचे ६,००० तुम्ही आगाऊ भरले होते, त्यातले वापरायचे राहिलेले २० दिवस, म्हणजे ६,००० गुणिले २० भागिले ३०, ४,००० रुपये परत केले. मग चौदा जणांची नवी व्यवस्था उरलेल्या २० दिवसांसाठी विकली: ८,४०० गुणिले २० भागिले ३०, ५,६०० रुपये. दोन्हींतला फरक १,६००. चार जण, २० दिवस, रोजचे २० रुपये, असं थेट केलंत तरी १,६०० च येतात. म्हणजे `Unused time` ही जुन्याची परतफेड आणि `Remaining time` ही नव्याची आकारणी. स्ट्राइप ही बिलं काढून ऑनलाइन पैसे घेणारी सेवा वापरणाऱ्या कंपन्यांच्या बिलांवर हेच शब्द दिसतात, आणि आपल्याकडे येणारी बरीच परदेशी व देशी सबस्क्रिप्शन बिलं याच घाटाची असतात.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की दुसऱ्या बदलाची परतफेड पहिल्या बदलानंतरच्या व्यवस्थेची असते. म्हणून २८ जूनच्या उणे ओळीत १० नाही, १४ जण आहेत, आणि दर ६०० चा आहे. ४ जुलैच्या उणे ओळीत दर ९०० चा झाला आहे. प्रत्येक उणे ओळीतली संख्या आणि प्लॅन हे आधीच्या अधिक ओळीशी जुळले पाहिजेत. साखळी कुठे तुटली असेल, म्हणजे समजा २८ जूनच्या उणे ओळीत पुन्हा १० च जण दिसले, तर वाढवलेल्या चार जणांचे त्या पुढच्या दिवसांचे पैसे दोनदा लागले असं समजायचं. तुमच्या बिलात साखळी शाबूत आहे.

आता मुख्य ताळा. मी बिलाच्या ओळी एकेक करून तपासण्यावर थांबत नाही, कारण तपासताना आपण नकळत त्यांच्याच मांडणीने विचार करायला लागतो आणि त्यांची चूक आपल्यालाही पटते. बिल बाजूला ठेवायचं आणि आपण खरोखर काय वापरलं ते आपल्या नोंदींवरून मांडायचं. महिन्याचे जितके तुकडे पडले तितक्या ओळी: किती दिवस, किती जण, रोजचा दर किती. ६०० चा प्लॅन ३० दिवसांच्या महिन्यात रोजचा २० रुपये पडतो, ९०० चा ३० रुपये.

१० ते २० जून हे १० दिवस, १० जण, २० रुपये: २,०००. २० ते २८ जून हे ८ दिवस, १४ जण, २० रुपये: २,२४०. २८ जून ते ४ जुलै हे ६ दिवस, १४ जण, ३० रुपये: २,५२०. ४ ते १० जुलै हे ६ दिवस, १२ जण, ३० रुपये: २,१६०. दिवसांची बेरीज ३० आली का ते आधी बघा, आली. रकमांची बेरीज ८,९२०. या महिन्यापोटी कर वगळून तुम्ही आधी भरले होते ६,०००. म्हणजे मागचं देणं निघतं २,९२०.

आता बिलाकडे वळा. पहिली जोडी अधिक १,६००, दुसरी अधिक १,६८०, तिसरी उणे ३६०. बेरीज २,९२०. दोन वेगळ्या वाटांनी तीच रक्कम आली, मागचा हिशेब बरोबर आहे. त्यात १०,८०० मिळवले की १३,७२०, त्यावर १८ टक्के २,४६९.६०, एकूण १६,१८९.६०, त्यातून जुने जमा १,१८० वजा केले की १५,००९.६०. तुमच्या १२,७४४ शी असलेला २,२६५.६० चा फरकही आता उलगडतो: २,९२० वर कर धरून ३,४४५.६०, उणे १,१८०.

या ताळ्याचा फायदा असा की मध्ये कितीही बदल झाले तरी तो लांबत नाही. दहा बदल असतील तर बिलावर वीस ओळी येतील, तुमच्या कागदावर अकरा तुकडे. आणि बदलांच्या तारखा बिलावरून घ्यायच्या नाहीत. सॉफ्टवेअरच्या ॲडमिन खात्यात युजर कधी जोडला, कधी काढला याचा लॉग असतो, किंवा ज्याने बदल केला त्याचा मेल असतो. तारखा तिथून घ्या. नाहीतर चुकीची तारीख दोन्ही बाजूंना सारखीच बसेल आणि ताळा जुळल्याचा भास होईल.

ताळा जुळला नाही तर काय समजायचं, हे आता सांगतो. फरक किती आहे यावरून बहुतेक वेळा कारण कळतं.

फरक थोडासा असेल, काही रुपये किंवा काही दहा रुपये, तर घड्याळ बघा. तुमच्या बिलातले आकडे गोल आहेत, कारण ही कंपनी पूर्ण दिवस मोजते. पण पुष्कळ ठिकाणी सेकंदावर हिशेब चालतो. स्ट्राइपमध्ये मूळ पद्धत तीच आहे. समजा सायकल, म्हणजे एका बिलाचा काळ, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत आहे आणि तुम्ही चार जण २० जूनला संध्याकाळी ६ वाजता जोडले. मग उरलेला वेळ २० दिवस नाही, १९ दिवस ६ तास. चार जणांचे २,४०० गुणिले १९.२५ भागिले ३० म्हणजे १,५४०, तुमच्या हिशेबापेक्षा ६० कमी. शिवाय सायकल मध्यरात्रीच सुरू होईल असं नाही, ज्या घटकेला पहिल्यांदा सबस्क्रिप्शन घेतलं ती घटका बहुधा कायम राहते. अशा बिलात पैशांचे आकडे वेडेवाकडे दिसतात, २,१३७.४२ वगैरे. ते दिसले की शीटमध्ये तारीख-वेळ असे पूर्ण रकाने घ्या आणि दिवसांऐवजी हे गुणोत्तर वापरा:

```
=ROUND(qty*rate*(cycle_end-change_time)/(cycle_end-cycle_start),2)
```

याच घड्याळाचा दुसरा फटका म्हणजे वेळेचा पट्टा. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल तर आपल्या पहाटे साडेपाचच्या आधी केलेला बदल बिलावर आदल्या तारखेचा दिसतो. रात्री उशिरा काम करणाऱ्या टीममध्ये हे वारंवार घडतं. पूर्ण दिवस मोजणारी पद्धत असेल तर एका दिवसाचा फरक पडतो, सेकंद मोजणारी असेल तर तारीख वेगळी दिसते पण रक्कम तीच राहते.

आणखी एक: भागाकार त्या सायकलच्या खऱ्या दिवसांनी होतो. तुमची सरलेली सायकल ३० दिवसांची होती, पण १० जुलै ते १० ऑगस्ट ३१ दिवसांची आहे. पुढच्या बिलाला रोजचा ३० रुपये दर धरलात तर ताळा हटकून चुकेल. वार्षिक प्लॅनमध्ये ही गोष्ट अधिक जाणवते. वर्षाला ७,२०० चा प्लॅन आणि १०० दिवस राहिले असताना एक जण वाढवला, तर ७,२०० गुणिले १०० भागिले ३६५, म्हणजे १,९७२.६० लागतात. महिन्याला ६०० धरून ३० ने भागणारा माणूस २,००० काढतो आणि कंपनीने कमी का लावले म्हणून विचारात पडतो.

फरक मोठा आणि नेमका एखाद्या जोडीएवढा असेल, तर मधलं एखादं बिल तुमच्या नजरेतून सुटलं आहे. काही कंपन्या बदलाचे पैसे पुढच्या बिलात ढकलतात, काही जागच्या जागी वेगळं बिल काढून कार्डावरून वळते करतात, आणि काही वाढ लगेच घेतात पण कपात पुढे ढकलतात. तुमच्या बाबतीत २० जूनलाच १,६०० अधिक कर असं १,८८८ चं बिल निघालं असतं, तर 'आधी भरले' या बाजूला ६,००० ऐवजी ७,६०० आले असते आणि मागचं देणं १,३२० राहिलं असतं. १० जुलैच्या बिलात मग फक्त दुसरी आणि तिसरी जोडी यायला हवी. पहिलीही आली तर ती दुबार आकारणी. म्हणून ताळा करण्याआधी बिलांच्या यादीत जाऊन त्या सायकलमध्ये निघालेलं प्रत्येक बिल, अगदी शून्य रुपयांचं सुद्धा, उतरवून घ्यायचं.

आता सवलतीची चूक. खरं नुकसान मी सगळ्यात जास्त वेळा इथेच पाहिलं आहे. एका ग्राहकाला पहिल्या सहा महिन्यांसाठी २० टक्के सूट होती. तुमचेच आकडे घेऊन ती परिस्थिती दाखवतो. १० जणांचे ६,००० नाही तर ४,८०० भरलेले. २० जूनला चार जण वाढवले. परतफेडीची ओळ आली उणे ३,२००, कारण परत करताना सिस्टीम खरोखर भरलेल्या पैशांवरून मोजते, हे योग्यच. पण आकारणीची ओळ आली ५,६००, पूर्ण दराने. सूट सबस्क्रिप्शनवर लावलेली नव्हती, जुन्या ओळीवर लावलेली होती, आणि ओळ बदलली तशी ती गळून पडली. फरक लागला २,४००, लागायला हवा होता १,२८०. नुसती ओळ वाचून हे कळत नाही, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे वाटतात.

ते पकडायचं कसं? रक्कम घ्या, जणांनी भागा, दिवसांनी भागा. ३,२०० भागिले १० भागिले २० म्हणजे १६ रुपये रोजचे. ५,६०० भागिले १४ भागिले २० म्हणजे २० रुपये रोजचे. एकाच प्लॅनचा, एकाच दिवशीचा रोजचा दर दोन ओळींत वेगळा निघतो, तेव्हा मध्ये सूट गेली किंवा किंमत बदलली. सूट संपायची तारीख आलेली नसेल तर फरकाची क्रेडिट नोट मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि मागताना हे दोन भागाकार मेलमध्ये लिहिले की सपोर्टवाल्यांशी वाद घालावा लागत नाही.

तुमच्या तिसऱ्या जोडीबद्दल एक सांगायलाच हवं: ती उणे ३६० मिळाली हे तुमचं नशीब नाही, त्या कंपनीचं धोरण आहे. अनेक कंपन्या मध्येच जण कमी केले तर काहीही परत देत नाहीत, कपात पुढच्या सायकलपासून लागू होते. अशा ठिकाणी ४ जुलैची जोडी बिलावर येणारच नाही आणि तुमच्या मांडणीत शेवटचा तुकडा १२ नाही, १४ जणांचा धरावा लागेल. अटींमध्ये हे लिहिलेलं असतं, 'डाउनग्रेड' शब्दाने शोधा. आणि जिथे परतफेड मिळते तिथेही ती बहुधा रोख नसते, खात्यावर जमा होते आणि पुढच्या बिलातून वळती होते. सबस्क्रिप्शन बंद करायचं असेल तर आधी ही जमा बघून घ्या. ती परत द्यायची की नाही हे अटींवर अवलंबून असतं.

मासिकवरून वार्षिकवर गेलात तर वेगळंच चित्र दिसतं. तिथे सायकल त्या दिवसापासून नव्याने सुरू होते, म्हणून बिलावर एक उणे ओळ आणि एक पूर्ण वर्षाची ओळ असते, तिची जोडीदार `Remaining time` ओळ शोधत बसू नका.

आता तुमचे १,१८०. बिलावर 'क्रेडिट' म्हणून जे काही येतं ते कराच्या वर आहे की खाली, हे आधी पाहायचं. वरच्या तीन उणे ओळी `Subtotal` च्या वर आहेत, म्हणजे त्यांनी करपात्र रक्कम कमी केली आणि कर आपोआप कमी लागला. `Applied balance` कराच्या खाली आहे. त्याने या बिलाची करपात्र रक्कम बदलत नाही, फक्त आता द्यायचे पैसे कमी होतात. आणि हे बरोबरच आहे, कारण त्या १,१८० मध्ये १,००० मूळ रक्कम आणि १८० कर आधीच आहे. तो कर मेच्या बिलाविरुद्धच्या क्रेडिट नोटमध्ये कमी झालेला आहे. कंपनीने हे १,१८० कराच्या वर टाकले असते तर त्यांच्यावर पुन्हा १८ टक्के कर कमी झाला असता. बिल तुमच्या फायद्याचं दिसलं असतं, पण जीएसटीच्या नोंदी जुळल्या नसत्या.

पुस्तकात नोंदवताना म्हणून हे बिल १३,७२० अधिक आयजीएसटी २,४६९.६० असंच घ्यायचं, १५,००९.६० वरून उलटं भागून नाही. जीएसटीआर-२बी मध्ये हाच आकडा दिसेल. मेची क्रेडिट नोट तिच्या तारखेला स्वतंत्र नोंदवलेली असली पाहिजे, १,००० खर्च कमी आणि १८० इनपुट क्रेडिट कमी. ती नोंद झाली असेल तर त्या कंपनीच्या खात्यावर तुमचे १,१८० येणे दिसतील आणि हे पैसे भरल्यावर खातं शून्यावर येईल. शून्यावर आलं नाही आणि नेमके १,१८० शिल्लक राहिले, तर क्रेडिट नोट एक तर नोंदवलेली नाही किंवा दोनदा नोंदवली आहे. तुमच्या बिलावर आयजीएसटी आहे, म्हणजे विकणारी कंपनी बहुधा दुसऱ्या राज्यातली आहे. ती महाराष्ट्रातली असती तर ९-९ टक्क्यांचे सीजीएसटी आणि एसजीएसटी दिसले असते, बेरीज तीच. परदेशी कंपनीच्या बिलावर मात्र तुमचा जीएसटी क्रमांक दिलेला असेल तर कर नसतो आणि तो रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा असतो. क्रमांक द्यायचा राहिला तर ती कंपनी तुम्हाला साधा ग्राहक समजून १८ टक्के लावते, आणि त्याचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. बिलिंग सेटिंगमध्ये क्रमांक आहे का, हे एकदा बघून घ्या.

शेवटी एक तातडीची गोष्ट, कारण तुमची रक्कम नेमकी त्या सीमेवर आहे. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या अशा पैशांना रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतच ओटीपी लागत नाही. जून २०२२ पूर्वी ही मर्यादा ५,००० होती. १५,००९.६० त्याच्या वर जातात, त्यामुळे दर महिन्याला आपोआप जाणारे पैसे या वेळी ओटीपीसाठी अडकतील. मँडेट देताना तुम्ही स्वतः कमाल रक्कम कमी ठेवली असेल तर ती मर्यादाही आड येईल. बँकेकडून निदान २४ तास आधी सूचना येते, तीत रक्कम लिहिलेली असते, आणि मंजुरीची लिंक बहुधा कार्डधारकाच्या मोबाइलवर जाते. ज्याच्या नावाचं कार्ड आहे त्याला आजच कळवून ठेवा, म्हणजे पैसे न मिळाल्यामुळे बारा जणांचं खातं मध्येच बंद पडणार नाही.